उशिरा आलेल्या पगाराचा कर

अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. सेवेची बारा वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांना वरिष्ठ वेतनश्रेणी मिळायला हवी होती, मार्च २०२० पासून. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, संस्थेचा ठराव, शिक्षण विभागाची मान्यता असे करत प्रस्ताव फिरत राहिला आणि मंजुरीचे पत्र हाती आले २०२४ च्या सुरुवातीला. मार्च २०२४ पासून पगार नव्या श्रेणीत सुरू झाला. मागच्या चार वर्षांच्या फरकाचे बिल वेतन पथकाकडून मंजूर होऊन जानेवारी २०२५ मध्ये रक्कम खात्यात आली. फरक होता तीन लाख रुपयांचा. पण बिलातूनच मोठा आयकर कापलेला होता, आणि कार्यालयातल्या लिपिकाने सांगितले, "मॅडम, सगळी रक्कम याच वर्षाच्या उत्पन्नात धरावी लागते. तुम्ही तीस टक्क्यांत गेलात."

लिपिकाचे म्हणणे चूक नव्हते, पण अर्धेच होते. फरकाची रक्कम मिळाली त्या वर्षीच करपात्र होते, हा नियम खरा. मात्र ती रक्कम ज्या त्या वर्षी वेळेवर मिळाली असती तर किती कर पडला असता, हा हिशोब मांडून जास्तीचा कर वजा करून घेण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. आयकर कायदा १९६१ च्या कलम ८९ मध्ये ती आहे आणि तिची रीत आयकर नियमावलीतल्या नियम २१ए मध्ये दिली आहे. सरकारी कार्यालयांत, शाळांत, बँकांत आणि महापालिकांत फरक घेणाऱ्या बहुतेकांनी '१० ई' हे नाव ऐकलेले असते. त्यामागचे गणित मात्र फार थोड्यांना कोणी समजावून सांगितलेले असते.

अडचण येते ती टप्प्यांच्या करपद्धतीमुळे. उत्पन्न वाढत जाते तसा वरच्या हिश्श्यावर जास्त दर लागतो. जुन्या करप्रणालीत साठ वर्षांखालील व्यक्तीला अडीच लाखांपर्यंत कर नाही, पुढे पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० टक्के आणि त्यावर ३० टक्के. त्या कराच्या वर ४ टक्के उपकर. समजा दरवर्षी साठ-सत्तर हजार रुपये जास्त मिळत गेले असते, तर ते त्या त्या वर्षीच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात सामावले असते. चार वर्षांचे पैसे एका जानेवारीत आले की ते सगळे त्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या माथ्यावर जाऊन बसतात आणि वरचा दर ओढून घेतात. कर्मचाऱ्याने जास्त कमावलेले काहीच नसते. त्याच्या हक्काचे पैसे उशिरा आले, एवढेच घडलेले असते.

आता बाईंचा हिशोब मांडू. त्यांच्यावर गृहकर्ज आहे, भविष्य निर्वाह निधीतही भर आहे, म्हणून त्यांनी सगळी वर्षे जुनीच करप्रणाली ठेवली आहे. समजायला सोपे जावेत म्हणून इथले आकडे गोल केले आहेत.

२०२४-२५ मध्ये फरक सोडून त्यांचे करपात्र उत्पन्न १०,४०,००० रुपये आहे. त्यावरचा कर उपकरासह १,२९,४८० रुपये होतो. फरकाचे तीन लाख मिळवले की उत्पन्न १३,४०,००० होते आणि कर २,२३,०८०. म्हणजे फरकामुळे या वर्षी वाढलेला कर ९३,६०० रुपये. उत्पन्न आधीच दहा लाखांवर असल्यामुळे तीन लाखांतला प्रत्येक रुपया ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेला. हिशोबातला हा पहिला आकडा.

दुसरा आकडा काढायला मागे जावे लागते. फरकाच्या तक्त्यानुसार २०२०-२१ चे ६०,००० रुपये आहेत, २०२१-२२ चे ७०,०००, २०२२-२३ चे ८०,००० आणि २०२३-२४ चे ९०,०००. या चार वर्षांच्या विवरणपत्रांत त्यांचे करपात्र उत्पन्न अनुक्रमे ८,२०,०००, ८,७०,०००, ९,३०,००० आणि ९,८०,००० होते. प्रत्येक वर्षाच्या उत्पन्नात त्या वर्षाचा फरक मिळवायचा, नवा कर काढायचा आणि त्या वर्षी फरकाशिवाय लागलेला कर त्यातून वजा करायचा. तिसरे वर्ष, म्हणजे २०२२-२३, सविस्तर पाहू. ९,३०,००० वर कर १,०२,४४० रुपये होता. ऐंशी हजार मिळवल्यावर उत्पन्न १०,१०,००० होते आणि कर १,२०,१२०. वाढ १७,६८० रुपयांची. या ऐंशी हजारांपैकी सत्तर हजार २० टक्क्यांतच बसले आणि दहा लाखांची रेषा ओलांडणारे दहा हजार तेवढे ३० टक्क्यांत गेले. याच रीतीने २०२०-२१ ची वाढ १२,४८० येते, २०२१-२२ ची १४,५६० आणि २०२३-२४ ची २६,०००. चारही वर्षांची बेरीज ७०,७२० रुपये.

पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की २२,८८० रुपये उरतात. हीच कलम ८९ ची सवलत. बाईंचा २०२४-२५ चा कर २,२३,०८० वरून २,००,२०० वर येतो.

उत्तर बरोबर आहे का, हे दुसऱ्या वाटेनेही पाहता येते. वेळेवर मिळाले असते तर तीन लाखांतले २,२०,००० रुपये २० टक्क्यांच्या टप्प्यात बसले असते. आज ते ३० टक्क्यांत गेले. दोन्ही दरांत १० टक्क्यांचे अंतर आहे, म्हणून जास्तीचा कर २२,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर ८८० रुपये. बेरीज तीच येते. उरलेले ८०,००० रुपये वेळेवर मिळाले असते तरी ३० टक्क्यांतच गेले असते, म्हणून त्यांच्यावर सवलत नाही. स्वतःचा हिशोब करताना ही उलटतपासणी जरूर करावी. टप्पा न बदललेल्या रकमेवरही सवलत दिसत असेल, तर कुठेतरी चूक झाली आहे असे समजावे.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. फरकाची रक्कम करमुक्त होत नाही. मागच्या वर्षांची विवरणपत्रे उघडून त्या वर्षांचा कर नव्याने भरायचाही नसतो. मागची वर्षे फक्त कागदावर पुन्हा मांडली जातात. कर भरला जातो तो पैसे मिळालेल्या वर्षी, आणि सवलतही त्याच वर्षीच्या करातून वजा होते.

या साऱ्या हिशोबाचा आधार एकच कागद आहे, महिनावार फरकाचा तक्ता. प्रत्येक महिन्याला किती वेतन देय होते, किती दिले गेले आणि फरक किती राहिला, याची ही रकानेवार नोंद. कार्यालयात तिला फरक तक्ता म्हणतात, काही जण ड्यू-ड्रॉन स्टेटमेंट म्हणतात. बिल तयार करताना तो बनवावाच लागतो, म्हणून कार्यालयात तो असतोच. पण कर्मचाऱ्याच्या हाती बहुतेकदा एकूण रक्कम आणि कपातीचा आकडा एवढेच पडते. वर्षवार विभागणी हाती नसली तर सवलतीचा हिशोब सुरूच होत नाही. म्हणून बिल मंजूर होतानाच तक्त्याची प्रत मागून घ्यावी. पाच वर्षांनी तोच कागद शोधायला गेले तर लिपिक बदललेला असतो आणि फाइल अभिलेख कक्षात गेलेली असते.

तक्त्यातले महिने आर्थिक वर्षांत बसवताना एक खाचखळगा हमखास लागतो. राज्य सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा मार्चचा पगार एप्रिलमध्ये मिळतो. त्यामुळे त्यांचे फॉर्म १६ मार्च ते फेब्रुवारी अशा बारा पगारांचे असते. मार्च २०२० चा फरक म्हणूनच २०२०-२१ मध्ये जातो. खासगी कंपनीत मार्चचा पगार मार्चअखेर देय होत असेल, तर तो त्याच वर्षात धरला जातो. आपल्या मागच्या फॉर्म १६ मध्ये मार्चचा पगार कोणत्या वर्षात दाखवला आहे ते पाहावे आणि फरकाचा महिनाही त्याच पद्धतीने बसवावा. एक महिना इकडचा तिकडे गेला तरी कधी कधी टप्पा बदलतो.

मागच्या वर्षांचे उत्पन्न म्हणून कोणता आकडा घ्यायचा, इथेही पुष्कळांची गल्लत होते. घ्यायचे ते त्या वर्षीच्या विवरणपत्रातले सर्व वजावटींनंतरचे एकूण करपात्र उत्पन्न. त्यात मुदत ठेवीचे व्याज, घरभाडे असे जे जे दाखवले असेल ते सगळे आले. फक्त पगाराचा आकडा घेतला तर त्या वर्षीचे उत्पन्न खोटेच कमी दिसते आणि सवलत फुगते. उलट, आता फरक मिळाला म्हणून त्या जुन्या वर्षासाठी विम्याची किंवा गुंतवणुकीची नवी वजावट उभी करता येत नाही. त्या वर्षी जे दाखवले ते तसेच ठेवायचे आणि त्यावर फक्त फरक चढवायचा. त्या वर्षी जे दर आणि जो उपकर लागू होता तोच लावायचा. २०१७-१८ पर्यंत उपकर ३ टक्के होता, २०१८-१९ पासून तो ४ टक्के झाला. २०२० नंतरच्या वर्षांसाठी, त्या वर्षी विवरणपत्र ज्या करप्रणालीत भरले होते तीच धरायची.

नवी करप्रणाली घेतली तर ही सवलत जाते, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. नव्या प्रणालीत ज्या गोष्टी सोडाव्या लागतात त्या बहुतेक वजावटी आणि सूट आहेत. कलम ८९ ची सवलत तिथेही मिळते. उलट २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत तिची गरज वाढली आहे. त्या वर्षापासून बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए च्या सूटमुळे कर शून्य होतो. समजा महापालिकेतल्या एका कर्मचाऱ्याचे प्रमाणित वजावटीनंतरचे उत्पन्न साडेअकरा लाख आहे. कर शून्य. त्याच वर्षी पदोन्नतीच्या जुन्या फरकाचे दोन लाख आले. उत्पन्न साडेतेरा लाख झाले, बारा लाखांची मर्यादा ओलांडली, सूट गेली, आणि चार लाखांपासूनच्या सर्व टप्प्यांचा कर लागू झाला. तो उपकरासह ८५,८०० रुपये होतो. दोन लाखांच्या फरकापायी पंच्याऐंशी हजारांचा कर.

हा फरक २०२१-२२ आणि २०२२-२३ या वर्षांचा, दरवर्षी एक लाख, असे धरू. त्या वर्षी हा कर्मचारी जुन्या प्रणालीत होता आणि उत्पन्न साडेसात आणि आठ लाख होते. दोन्ही वर्षी एक लाखाचा फरक २० टक्क्यांतच बसतो आणि कर प्रत्येकी २०,८०० ने वाढतो. बेरीज ४१,६००. म्हणजे सवलत ४४,२०० रुपयांची, निम्म्याहून जास्त कराची. बारा लाखांच्या अलीकडे असलेल्या पगारदाराला फरक मिळाला आणि त्याने हा हिशोब मांडला नाही, तर सर्वांत मोठे नुकसान त्याचेच होईल.

प्रत्येक फरकावर सवलत मिळतेच असे नाही, आणि हेही आधीच माहीत असलेले बरे. निवृत्त माणसाचे उदाहरण घ्या. नोकरीत असताना तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात होता, आता निवृत्तिवेतनावर २० टक्क्यांत आहे, आणि वेतन आयोगाचा जुना फरक आत्ता मिळाला. आजचा वाढीव कर मागच्या वर्षांच्या वाढीव करापेक्षा कमी येतो. अशा वेळी सवलत शून्य. जास्तीचा करही द्यावा लागत नाही, कारण कायदा कमी असलेला कर वाढवत नाही. त्याने आजच्या दराने कर भरून मोकळे व्हावे, १० ई भरण्याची त्याला गरज नाही.

कमी पगाराच्या वर्षांत दुसरी अडचण येते. जुन्या प्रणालीत २०१९-२० पासून पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर शून्य करणारी सूट आहे. एखाद्याचे त्या वर्षीचे उत्पन्न ४,८०,००० होते म्हणून कर लागला नव्हता. आता त्या वर्षाचा ४०,००० चा फरक चढवला की उत्पन्न पाच लाखांवर जाते, सूट सुटते आणि त्या वर्षाचा कर थेट १७,१६० होतो. हेच चाळीस हजार आजच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात असते तर कर १२,४८० झाला असता. म्हणजे त्या वर्षापुरते पाहिले तर सवलत उरतच नाही. त्या वर्षी कर नव्हता म्हणून सवलत भरपूर मिळेल, असे वाटणाऱ्याची इथे निराशा होते. शिवाय सवलत वर्षावर्षाने वेगळी मिळत नाही. सगळ्या वर्षांची बेरीज एकत्र धरायची असते, त्यामुळे फायद्याचे वर्ष ठेवले आणि तोट्याचे गाळले असे करता येत नाही.

महागाई भत्त्याच्या फरकाबाबत नेहमी विचारणा होते. भत्ता जुलैपासून वाढला आणि फरक नोव्हेंबरात मिळाला, तर दोन्ही एकाच आर्थिक वर्षात येतात आणि प्रश्नच मिटतो. जानेवारीपासूनची वाढ पुढच्या आर्थिक वर्षात मिळाली, तरच मागच्या वर्षात जाणारे थोडे महिने उरतात. त्यांच्यासाठी हिशोब मांडता येतो, पण टप्पा बदलला नसेल तर हाती काही लागत नाही.

महाराष्ट्रात या सवलतीची सर्वांत मोठी कसोटी सातव्या वेतन आयोगाने पाहिली. राज्य कर्मचाऱ्यांना सुधारित वेतन १ जानेवारी २०१६ पासून मंजूर झाले, प्रत्यक्ष पगारात ते जानेवारी २०१९ पासून आले. मधल्या छत्तीस महिन्यांची थकबाकी २०१९-२० पासून पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. भविष्य निर्वाह निधीचे सभासद असलेल्यांचे हप्ते त्यांच्या निधी खात्यात जमा होणार होते. कोविडच्या काळात दुसरा हप्ता लांबला. त्यामुळे जानेवारी २०१६ च्या पगारातला एखादा भाग कर्मचाऱ्याच्या नावावर सात-आठ वर्षांनी जमा झाला. रोख हातात आली नाही, पैसा निधी खात्यात गेला, म्हणून तो उत्पन्नात धरायचा नाही असे अनेकांना वाटले. कार्यालयांनी मात्र जमा झालेल्या वर्षी तो वेतनात धरला आणि ते योग्यच होते. निधीत गेलेल्या रकमेची वजावट कलम ८०सी च्या दीड लाखाच्या मर्यादेतच मिळते, तीही जुन्या प्रणालीत. ज्यांची ती मर्यादा आधीच भरलेली होती त्यांना पैसे हातात न पडताच कर भरावा लागला. त्यांच्यासाठी कलम ८९ हाच काय तो दिलासा होता.

सैनिकांच्या घरांतही हा विषय येऊन गेला. 'समान पद समान निवृत्तिवेतन' योजनेतले सुधारित निवृत्तिवेतन १ जुलै २०१९ पासूनचे होते. त्याची थकबाकी कोणाला कधी द्यायची याचे वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठरवून दिले. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना ती ३० एप्रिल २०२३ पर्यंत द्यायची होती, सत्तरी ओलांडलेल्यांना जूनअखेर आणि बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्त्यांत. निवृत्तिवेतन हे कायद्याच्या दृष्टीने वेतनच असते, म्हणून त्याच्या थकबाकीला कलम ८९ लागू होते. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचा उल्लेख तर कलमात वेगळा केलेला आहे. साताऱ्या-कोल्हापुरातल्या गावांत पतीच्या मागे निवृत्तिवेतन घेणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचवणे बँकेतल्या माणसाचे किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाचे काम आहे.

जे मिळाले ते वेतन आहे का, हेही आधी पाहावे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे मानधन अनेकदा उशिरा आणि एकदम निघते. संस्थेने ते वेतन म्हणून दाखवले असेल तर कलम ८९ चा मार्ग खुला असतो. व्यावसायिक शुल्क म्हणून कर कापला असेल तर तो बंद. ग्रॅच्युइटी, नोकरी संपताना मिळालेली भरपाई आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण यांना सवलत आहे, पण त्यांची गणिते वेगळी आहेत. तसेच ऐच्छिक सेवानिवृत्तीच्या रकमेवर करसूट घेतली असेल तर त्याच रकमेवर ही सवलत घेता येत नाही.

हिशोब झाला की तो सरकारपुढे मांडावा लागतो. आयकर विभागाच्या incometax.gov.in या पोर्टलवर स्वतःच्या खात्यात जाऊन e-File, मग Income Tax Forms, मग File Income Tax Forms असे पुढे गेले की Form 10E सापडतो. फरकासाठी त्यातले पहिले परिशिष्ट, Annexure I, निवडायचे. त्याला जोडलेल्या Table A या तक्त्यात प्रत्येक मागच्या वर्षाची एक ओळ भरायची असते. त्या वर्षीचे उत्पन्न, फरक, दोन्हींची बेरीज, फरकाशिवायचा कर, फरकासह कर आणि शेवटी वाढ. बाईंच्या उदाहरणातले आकडे याच क्रमाने त्या रकान्यांत जातात. करनिर्धारण वर्ष निवडताना ते पैसे मिळाल्याच्या वर्षाचे निवडायचे असते. २०२४-२५ मध्ये मिळालेल्या रकमेसाठी करनिर्धारण वर्ष २०२५-२६. फरक चार वर्षांचा आहे म्हणून चार वेगळे फॉर्म भरणे ही चूक आहे. फॉर्मसोबत कागद जोडायचे नसतात. ई-पडताळणी झाली की पोचपावती मिळते. ती आणि फरक तक्ता जपून ठेवायचा.

२०१४-१५ या आर्थिक वर्षापासून सवलत हवी असेल तर हा फॉर्म ऑनलाइन भरणे सक्तीचे आहे, आणि तो विवरणपत्राच्या आधी भरलेला असायला हवा. सर्वाधिक नुकसान इथेच होते. कार्यालयाने फॉर्म १६ मध्ये सवलत दाखवलेली असते, कर्मचारी तोच आकडा विवरणपत्रात टाकतो आणि १० ई भरायचे राहून जाते. काही महिन्यांनी बंगळूरच्या प्रक्रिया केंद्राकडून कलम १४३(१) ची सूचना येते. तिच्यात दोन रकाने शेजारी असतात, करदात्याने मांडलेला हिशोब आणि विभागाने मान्य केलेला हिशोब. पहिल्या रकान्यात सवलत २२,८८० आणि दुसऱ्यात शून्य दिसले, तर १० ई भरला गेलेला नाही किंवा करनिर्धारण वर्ष चुकले आहे असे समजावे. खाली थकीत कर आणि त्यावरचे व्याज असते. अशा वेळी घाबरून पैसे भरू नयेत. आधी राहिलेला १० ई भरावा आणि मग दुरुस्तीचा अर्ज करावा. तो मान्य होईलच असे नाही, पण मार्ग तोच आहे. विवरणपत्र सुधारून भरण्याची मुदत शिल्लक असेल, तर १० ई भरून सुधारित विवरणपत्र भरणे जास्त सरळ.

फरक मिळण्याआधीच कळले असेल तर त्याहून चांगली वाट आहे. कलम १९२(२ए) नुसार सरकारी कर्मचारी, कंपनी, सहकारी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, विद्यापीठ किंवा संस्थेतला कर्मचारी १० ई चा तपशील आपल्या कार्यालयाला देऊ शकतो. मग आहरण व संवितरण अधिकारी कर कापतानाच सवलत धरू शकतो आणि परताव्याची वाट पाहत बसावे लागत नाही. अनेक कार्यालये हे करत नाहीत. ते सरसकट वरच्या दराने कर कापतात आणि पुढचे तुम्ही विवरणपत्रात बघा म्हणतात. कार्यालयाला ते सोपे असते, पण कर्मचाऱ्याचे वीस-पंचवीस हजार रुपये त्यामुळे विनाकारण अडकतात.

या सवलतीची मर्यादाही सांगायला हवी. ती टप्पा बदलल्याने पडलेला जास्तीचा कर परत देते, त्यापलीकडे काही देत नाही. मार्च २०२० मध्ये मिळायचा पगार जानेवारी २०२५ मध्ये मिळाला, त्या पाच वर्षांत महागाई वाढली, गृहकर्जाचे व्याज भरावे लागले, मुलांची फी भरली गेली. यातले काहीही १० ई च्या कोणत्याही रकान्यात येत नाही. शिवाय उशीर करतो तो नियोक्ता, पण चार वर्षांचे उत्पन्न शोधून हिशोब मांडायची जबाबदारी येते कर्मचाऱ्यावर. मागच्या वर्षांची विवरणपत्रे आयकर विभागाकडे असतातच. कार्यालयाने टीडीएसच्या विवरणात वर्षवार फरक भरला तर हा हिशोब विभागाच्या संगणकाला आपोआप करता येईल. करदात्यांच्या संघटनांनी आणि कर्मचारी संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात ही सवलत कलम १५७ मध्ये आहे, तत्त्व तेच आहे. त्या तारखेनंतर मिळालेल्या रकमेसाठी फॉर्मचा क्रमांक पोर्टलवर तपासून घ्यावा. केंद्र सरकारने न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठव्या वेतन आयोगाला कार्यकक्षा ठरवून दिली असून अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. शिफारशी मागच्या तारखेपासून लागू झाल्या तर फरकाची बिले पुन्हा निघतील, आधी केंद्रात आणि मग राज्यात. मागच्या पाच-सात वर्षांची विवरणपत्रे आणि फॉर्म १६ आत्ताच पोर्टलवरून उतरवून एका फाइलीत लावावीत, आणि फरकाचे बिल निघेल त्या दिवशी महिनावार तक्त्याची सही-शिक्क्याची प्रत कार्यालयाकडून मागून घ्यावी.